मदत हवी आहे: रिफंड मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणारी सेवा खरी कशी ओळखावी?

दादरला राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या खात्यातून एका व्हिडिओ ॲपचे वार्षिक शुल्क १,४९९ रुपये आपोआप कापले गेले. यूपीआय ॲपमधील ऑटोपे विभागात जाऊन आम्ही ते मँडेट रद्द केले आहे. त्यामुळे पुढची वजावट थांबेल, परंतु गेलेली रक्कम त्याने परत येत नाही. कंपनीला ईमेल केला असून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विनामूल्य तक्रारही नोंदवली आहे.

दरम्यान, इंटरनेटवर सापडलेल्या एका 'रिफंड सहाय्य' सेवेने ४९९ रुपये आगाऊ घेतले आणि दुसऱ्याच दिवशी "रिफंड मंजूर झाला आहे, फक्त जीएसटीचे ९०० रुपये भरा, तेही परत मिळतील" असे कळवले. पैसे एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय आयडीवर मागितले आहेत आणि पावती दिलेली नाही. स्क्रीन शेअर करण्याची त्यांची विनंती आम्ही नाकारली. पिन किंवा ओटीपी कोणालाही दिलेला नाही.

ही फसवणूकच असावी, असे माझे मत आहे. वडिलांना मात्र अजून आशा वाटते. रक्कम लहान असली तरी ४९९ रुपयांसाठी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार करताना व्यवहार क्रमांकाशिवाय आणखी कोणते पुरावे जवळ ठेवावेत, आणि आगाऊ शुल्क घेणारी एखादी सेवा खरी असल्याचे पैसे भरण्यापूर्वी कशावरून पडताळता येते?