डेटा स्ट्रक्चरचं गणित: वीस आणि ऐंशी

"डिप्लोमानंतर थेट सेकंड इयर कॉम्प्युटरला आलोय, मुंबई विद्यापीठ, सी स्कीम. डेटा स्ट्रक्चरला मार्क कसे असतात?"

मॉड्यूल सहा: तोंडओळख, स्टॅक-क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ आणि सर्चिंग. मॉड्यूलवार मार्क ठरलेले नसतात. सिलॅबसमध्ये प्रत्येकापुढे छापलेल्या तासांच्या प्रमाणात पेपरमध्ये वजन पडतं. लिंक्ड लिस्ट आणि ट्री हेच जड, पहिलं मॉड्यूल दोन दिवसांत उरकतं.

शेवटचा पेपर 80 चा. 20-20 मार्कांचे सहा प्रश्न, पहिला सक्तीचा, बाकीच्यांतले कुठलेही तीन. पहिला प्रश्न सगळीकडून थोडं थोडं उचलतो, त्यामुळे एखादं मॉड्यूल पूर्ण सोडलंत तर तिथे चटका बसतो.

इंटर्नल 20 चं, दोन चाचण्यांची सरासरी. नवे विद्यार्थी गोत्यात येतात ते इथेच. दोन्हींचं पासिंग वेगळं आहे, इंटर्नलला 8 आणि पेपरला 32. उशिरा प्रवेशामुळे पहिली चाचणी बुडाली आणि दुसरीत 14 पडले, तर सरासरी 7. मग पेपरात 60 असले तरी इंटर्नल राहिलंच. तेव्हा बुडालेल्या चाचणीचं सरांना आत्ताच विचारा.

प्रॅक्टिकलचे मार्क लॅबच्या वेगळ्या विषयात धरतात, यात मिसळू नका.