R² कमी असताना ट्रेंडलाइन कशी वाचायची

> "४० विद्यार्थ्यांचे रोजचे अभ्यासाचे तास आणि गुण. रेषा वर जाते, उतार 1.5, पण R² = 0.09. गुणांचं प्रमाण विचलन १२. रेषेवरून अंदाज करू का?"

एकेका विद्यार्थ्याचा अंदाज करू नका. रेषा वापरली तरी चूक १२ वरून साधारण ११.५ गुणांवरच येते, कारण ती √(1−0.09) पटीने, म्हणजे जेमतेम ५ टक्क्यांनी घटते. रेषेने ६० सांगितले तर खरे गुण ३७ ते ८३ मध्ये कुठेही असू शकतात.

उताराचीही खात्री नाही. एक्सेलमध्ये हे सूत्र द्या:

```
=LINEST(B2:B41,A2:A41,TRUE,TRUE)
```

दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा उताराची प्रमाण त्रुटी. तुमच्या आकड्यांवरून ती सुमारे 0.77 येईल. तिची दुप्पट उतारातून वजा करा, मग मिळवा: −0.04 ते 3.04. मध्ये शून्य येतंय, म्हणजे चढ निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. मात्र "संबंधच नाही" असंही यातून सिद्ध होत नाही. ४० बिंदूंत एवढंच कळतं.

आलेख मात्र नीट बघाच. उजव्या टोकाला एकटा पडलेला बिंदू तात्पुरता काढून रेषा पुन्हा काढा. उतार निम्म्यावर आला, तर निम्मा चढ त्या एकाच विद्यार्थ्यामुळे होता. बिंदूंचा ढग कमानीसारखा वाकलेला दिसला, तर सरळ रेषाच चुकीची आहे. तिथे संबंध पक्का असूनही R² कमी येऊ शकतो.