टीपीओंना मेसेज: फाउंड्रीत काम हवं असेल तर संपर्क कसे मागावेत? (अनुभव धागा)

वाळू_आणि_साचा

कोल्हापूरच्या कॉलेजांत शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसर, म्हणजे टीपीओंच्या व्हॉट्सॲपवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येत राहतो: "सर, मेकॅनिकलसाठी हायरिंग चालू असलेल्या कंपन्यांचे काँटॅक्ट पाठवा." उत्तर आलंच तर "नोटीस बोर्ड बघा" एवढं येतं. हा धागा एकाच गोष्टीसाठी आहे. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीच्या मुलाला फाउंड्रीतच काम हवं असेल, तर त्या मेसेजमध्ये काय लिहावं? टेबलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको, उपयोगी पडेल ते सांगा.

टेबलापलीकडून

अडचण "मेकॅनिकल" या शब्दापासूनच सुरू होते. टीपीओंच्या एक्सेलमध्ये मेकॅनिकलसमोर फाउंड्री असते, व्हीएमसी चालवणारं मशीन शॉप असतं, डिझाइन ऑफिस असतं, पंपांची विक्री करणारी एजन्सीसुद्धा असते. चाळून द्यायला वेळ नसतो आणि सगळी यादी देता येत नाही. फाउंड्री म्हटलं तरी आत पॅटर्न शॉप, कोअर शॉप, मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग, सँड लॅब, क्वालिटी असे विभाग वेगळे. मुलानं त्यातले एक-दोन निवडून लिहिले की शोध दहा मिनिटांवर येतो. मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या एमआयडीसी मिळून चार-पाच नावं डोळ्यांसमोर येतात.

दुसरं म्हणजे संपर्क मागू नका, ओळख मागा. टीपीओंकडचा नंबर बहुतेक वेळा कंपनीतल्या एका माणसाचा खासगी मोबाइल असतो आणि तो कॉलेजच्या कामासाठी दिलेला असतो. तो चाळीस मुलांकडे गेला की ते गृहस्थ पुढच्या वर्षी कॉलेजचा फोन उचलत नाहीत. "माझी माहिती आपण पुढे पाठवाल का" या विनंतीला होकार देणं सोपं असतं.

नमुना देते. यातला मजकूर बदला, क्रम ठेवा.

"सर, नमस्कार. मी (नाव), बी.ई. मेकॅनिकल, शेवटचं वर्ष, पीआरएन (क्रमांक). सातव्या सेमिस्टरअखेर 64 टक्के, बॅकलॉग नाही. मला फाउंड्रीत सँड लॅब किंवा कास्टिंग क्वालिटीमध्ये ट्रेनी म्हणून काम हवं आहे. राहायला कळंब्यात, दुचाकी आहे, तिन्ही पाळ्या चालतील. आपल्या कॉलेजातून गेल्या दोन वर्षांत ज्या फाउंड्रींनी मुलं घेतली, त्यांतल्या तीन-चार ठिकाणी माझी माहिती पुढे पाठवता येईल का? मी स्वतः जिथे अर्ज केला आहे त्या दोन कंपन्यांची नावं खाली दिली आहेत. पुढे पाठवायचा मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये आणि बायोडाटा सोबत देत आहे. बुधवारी दुपारी ऑफिसात येऊन भेटतो."

टक्के आणि बॅकलॉग वरच लिहायचं कारण असं, की कंपनीकडून पहिला प्रश्न तोच येतो. बॅकलॉग असेल तर लपवू नका. किती विषय आहेत आणि परीक्षा कधी आहे ते लिहा. काही फाउंड्रींना ते चालतं, पण मुलाखतीच्या दिवशी कळलेलं कोणालाच चालत नाही.

हुपरीकर

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून टीपीओंना कुठलाच संपर्क देता येत नाही. त्यामुळे मागून उपयोग नाही. थेट कंपनीच्या गेटवर जा.

टेबलापलीकडून

हुपरीकर, अर्धं बरोबर आहे. एखाद्या माणसाचा खासगी नंबर त्याला न विचारता वाटू नये, हे खरं. पण कंपनीचा ऑफिसचा नंबर, वेबसाइटवर छापलेला ईमेल, कारखान्याचा पत्ता ही त्या माणसाची खासगी माहिती नव्हे. तेवढं मागितलं तर सहज मिळतं. गेटवर जायलाही हरकत नाही, पण वॉचमन पहिल्यांदा विचारतो "कोणाला भेटायचं?" तिथे नाव लागतंच. टीपीओंना नंबराऐवजी नुसतं पद विचारा: "तिथे ट्रेनी घेण्याचा निर्णय कोण घेतं?"

फेटलिंग_शॉप

हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. मोठ्या फाउंड्रीत एचआर वेगळा असतो. शंभरेक माणसांच्या फाउंड्रीत बहुतेकदा नसतो. तिथे हिशेब बघणारा माणूसच बायोडाटे फाइलला लावतो आणि माणूस लागतो तेव्हा वर्क्स मॅनेजर किंवा मालक आपल्या ओळखीतला घेतात. तुमचा अर्ज "एचआर मॅनेजर" या नावानं गेला की तो त्या फाइलमध्येच राहतो. उलट मोठ्या ग्रुपच्या युनिटमध्ये भरती दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून चालते आणि इथल्या प्लँट हेडला मेसेज करून फार तर "वर पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतं. कुठे कसं चालतं हे टीपीओंना माहीत असतं, कारण कॅम्पसला कोण आलं होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

पुढे पाठवायच्या मजकुराबद्दल. तो पाच ओळींच्या वर नको आणि त्यात "सर, प्लीज हेल्प" नको, कारण तो टीपीओंच्या नावानं वर्क्स मॅनेजरपर्यंत जाणार असतो. सँड लॅबसाठी लिहायचं तर ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी, परमिॲबिलिटी, ग्रीन स्ट्रेंथ यांपैकी कोणत्या चाचण्या स्वतःच्या हातानं केल्या आहेत ते लिहा. "फाउंड्रीचं ज्ञान आहे" या वाक्याला आमच्याकडे वजन नाही. कारण उघड आहे. वाळूत ओलावा जास्त झाला आणि परमिॲबिलिटी कमी पडली की वायू बाहेर निघत नाही, कास्टिंगमध्ये ब्लो होल येतात आणि अख्खी बॅच रिजेक्ट होते. ज्याला हा धागा जोडता येतो, त्याला फोन जातो. चाचणी कॉलेजच्या लॅबमध्ये एकदाच केली असेल तर "एकदा केली" असंच लिहा, मुलाखतीत पहिले दोन प्रश्न त्यावरच येतात.

राहण्याचं ठिकाण आणि गाडी लिहा म्हटलंय तेही खरं आहे. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा एसटी मिळेलच असं नाही. पन्हाळ्याकडचा मुलगा कागलच्या पाळीला कसा येणार, हा प्रश्न आम्ही बायोडाटा बघतानाच विचारतो.

बायोडाट्याच्या फाइलला नीट नाव द्या. `resume final new 2.pdf` नावाच्या डझनभर फाइली एका फोनमध्ये पडलेल्या असतात. असं चालेल:

```
Aadnav_Naav_Mech_SandLab.pdf
```

रसायनवाली

माझं एम.एस्सी. केमिस्ट्री आहे. फाउंड्रीचं नाही, पण विचारते. आमच्या कॉलेजात टीपीओ नावालाच आहेत. साखर कारखान्यांच्या लॅबसाठी असाच मेसेज चालेल का?

टेबलापलीकडून

ताई, चालेल, पण वेळ वेगळी. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि लॅबची बरीच भरती हंगामी असते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मेसेज गेला पाहिजे. जानेवारीत विचारलं तर सगळ्या जागा भरलेल्या असतात. टीपीओ नसतील तर विभागप्रमुखांना लिहा, आणि "हंगामी चालेल" हे दोन शब्द पहिल्याच ओळीत घाला.

बाबा_शिरोळ

माझ्या मुलानं आयटीआयचा फाउंड्रीमन ट्रेड केला आहे. इथे कंपन्यांची यादी टाका, म्हणजे सगळ्यांची सोय होईल.

वाळू_आणि_साचा

काका, हा धागा मेसेज कसा लिहावा याचा आहे, यादी इथे नाही देता येणार. आयटीआयच्या मुलांचं काम कॉलेजच्या टीपीओंकडे नसतं. त्याच्या आयटीआयमध्ये ॲप्रेंटिसशिपचं काम कोण बघतं ते विचारा आणि `apprenticeshipindia.gov.in` वर त्याची नोंदणी करून ठेवा. शिवाय शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल, तिन्हीकडे उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांच्या ऑफिसात जाऊन सभासद फाउंड्रींची नावं विचारता येतात.

रंकाळ्यावरचा

डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांनी मेसेजमध्ये "नॅट्स ॲप्रेंटिस म्हणूनही चालेल" असं जरूर लिहावं. एक वर्ष काढलं की कंपनीला कायम करावंच लागतं.

टेबलापलीकडून

पहिलं वाक्य योग्य. `nats.education.gov.in` वर आधी नोंदणी करा आणि नोंदणी क्रमांक मेसेजमध्ये लिहा. किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे लहान फाउंड्रीही विचार करते. दुसरं वाक्य मात्र चूक आहे. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात वर्षानंतर कायम करण्याची सक्ती नाही. कायम करणं कंपनीच्या धोरणावर असतं, म्हणून आधीच्या मुलांपैकी किती राहिली हे टीपीओंना विचारा.

फेटलिंग_शॉप

वेळेबद्दल राहिलं. जून-जुलैत सगळ्याच कॉलेजांची मुलं एकदम बाहेर पडतात. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर लोक नोकऱ्या बदलतात आणि तेव्हा मधल्याच जागा अचानक रिकाम्या होतात. जूनमध्ये नकार आला असेल तर त्याच टीपीओंना दिवाळीनंतर दोन ओळी पाठवा, बायोडाटा नव्यानं जोडून.

मेट_2024

मजकूर मराठीत लिहायचा की इंग्रजीत? आमच्याकडे सर म्हणतात इंग्रजीतच लिहा.

फेटलिंग_शॉप

मालकच वाचणार असेल तर मराठी लवकर वाचली जाते.

टेबलापलीकडून

माझं मत वेगळं आहे. टीपीओंना मराठीत लिहा, पुढे पाठवायच्या पाच ओळी मात्र इंग्रजीत. मुख्य कार्यालयात त्या मराठीत गेल्या तर तिथेच थांबतात.

फेटलिंग_शॉप

ग्रुपच्या कंपनीपुरतं ते मान्य. शिरोलीतल्या लहान फाउंड्रीसाठी मी मराठीच म्हणेन.

मेट_2024

आणि मुलींनी पाळीबद्दल काय लिहावं? "रात्रपाळी चालणार नाही" लिहिलं तर मेसेज पुढे जातच नाही असं ऐकते.

टेबलापलीकडून

सँड लॅब आणि क्वालिटीत काही ठिकाणी जनरल शिफ्ट असते. म्हणून नकारानं सुरुवात न करता "जनरल शिफ्टच्या जागेसाठी" असं लिहा. टीपीओ मग तेवढ्याच कंपन्या निवडतील. पण अशा जागा कमी आहेत, हे खरं. यावर कोणाकडे याहून बरा उपाय असेल तर लिहा, मलाही हवा आहे.

एक राहिलं. मेसेज पुढे गेल्यावर आठ दिवसांनी टीपीओंना कळवा: फोन आला, नाही आला, मुलाखत झाली. आणि ऑफ-कॅम्पस लागलात तरी नेमणूक पत्राची प्रत द्या. नॅकच्या कागदपत्रांत प्लेसमेंटचा पुरावा म्हणून ती लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये टीपीओ त्याच्याच मागे असतात. "लागलो की पत्राची प्रत आणून देईन" ही ओळ पहिल्याच मेसेजमध्ये असली तर ते नाव लक्षात राहतं.

हुपरीकर

कंपनी कॅम्पसला येणार असेल आणि मुलानं त्याआधीच थेट अर्ज केला तर?

टेबलापलीकडून

प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. काही ठिकाणी त्या मुलाला ड्राइव्हला बसू देत नाहीत. म्हणून तर नमुन्यात आधी अर्ज केलेल्या कंपन्यांची नावं लिहायला सांगितली. टीपीओ ती वाचून आधीच सांगतात की अमुक कंपनी पुढच्या महिन्यात येतेय, थांब.