मदत हवी आहे: भाडेकरूला बिलातला मराठी हिशोब कसा समजावू?

वरचा_मजला: आमच्याकडे ओडिशाहून एक मुलगा भाड्याने आलाय, मराठी वाचता येत नाही. जून 2024 चं वीजबिल जपून ठेवलंय, त्याचा फोटो पाठवून विचारतो, "आंटी, ये इतना क्यों?" मागील रीडिंग 4212, चालू रीडिंग 4632, गुणक अवयव 1, वापर 420 युनिट, वीज आकार 4275 रुपये. आधीच्या दोन महिन्यांत प्रत्येकी 90 युनिटच आले होते. वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन हे तर मलाही धड सांगता येत नाही.

बाळू_नाशिक: सोपं आहे. 300 ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. एसी बंद ठेवायला सांगा.

मीटरवाला: बाळूभाऊ, तसं नाही. जून 2024 च्या दराने पहिले 100 युनिट 4.71 नेच लागले, पुढचे 200 युनिट 10.29 ने आणि 300 च्या वरचेच 14.55 ने. म्हणजे 471 + 2058 + 1746 = 4275. आकडेमोड चोख आहे, शंका दुसरीच आहे. ताई, आधीच्या दोन बिलांत चालू रीडिंगच्या जागी काय छापलंय?

वरचा_मजला: आकडाच नाही, 'लॉक' लिहिलंय. तो गावी गेला होता, फाटकाला कुलूप होतं.

मीटरवाला: मग ते 90-90 अंदाजाने लावलेले. 420 युनिट एका महिन्याचे नव्हेत, तीन महिन्यांचे. महिन्याला 140 पडतात. एका महिन्याचा वीज आकार 882.60, तिन्हींचा 2647.80. फरक 1627 चा, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्कही चढलंय. शिवाय 90-90 चे भरलेले पैसेही वजा व्हायला हवेत. बिलात खाली वजावटीची ओळ आहे का?

सौ_कोथरूड: आमच्या दुकानाचं बिल तर दुप्पट येतं, त्याचं काय करावं?

मीटरवाला: दुकानाचा दर वेगळा, वहिनी. वेगळा धागा काढा.

ताई, त्या मुलाला असं सांगा: वहन आकार म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणायचं भाडं, तेही युनिटमागेच. स्थिर आकार दिवा लावला नाही तरी लागतो. इंधन समायोजन कोळसा-बिळसा महागला की कमीजास्त होतं, त्यामुळे ते दर महिन्याला सारखं नसतं.

बाळू_नाशिक: तीन महिन्यांत विभागून देतात हे माहीत नव्हतं बुवा. पण अर्ज केल्याशिवाय देतात का?

मीटरवाला: बहुतेकदा बिल बनतानाच विभागतात. इथे विभागलेलं दिसत नाही, पण मी फक्त वरचा अर्धा भाग पाहिलाय.

वरचा_मजला: फोटो खालून कापलाय हो! तो रात्रपाळीला गेलाय, उद्या पूर्ण बिल मागवते. आज मीटरवर काय आकडा आहे तोही बघून ठेवू का?

मीटरवाला: बघा, आणि तारखेसकट फोटो काढा.