संमेलनातलं जेवण: कूपनं आधीच वाटायची की त्या दिवशी?

लोकमान्यनगरचा खजिनदार:
आमच्या मंडळाचं दोन दिवसांचं संमेलन आहे, इंदूरमध्येच. नोंदणी ९००, त्यातले तीनशेच्या आसपास बाहेरगावचे. गेल्या खेपेला नोंदणीच्या पिशवीतच चारही जेवणांची कूपनं दिली होती. शनिवारी रात्री दोनेकशे माणसांचं अन्न उरलं आणि रविवारी दुपारी पुऱ्या संपल्या, शेवटच्या पन्नास-साठ जणांनी नुसता भात खाल्ला. समितीत दोन तट आहेत. कूपन ठेवावं की काढून टाकावं? ठेवायचं तर कसं?

मीरा, सुदामानगर:
कूपन ठेवा, पण पिशवीत घालू नका. मी बारा-तेरा वर्षं भोजन समिती सांभाळली आहे आणि माझं ठाम मत आहे की आधी वाटलेलं कूपन फक्त नोंदणी मोजतं. जेवणारी माणसं त्यातून कळत नाहीत. शनिवारी रात्री काय होतं ते आठवा. बाहेरून आलेला माणूस सकाळपासून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराचं नाव काढत असतो. कार्यक्रम संपला की तो भुट्ट्याचा कीस खायला निघतो आणि तुमचं कूपन त्याच्या पिशवीत पडून राहतं. गावातली मंडळी नातवंडांना घेऊन घरी जातात. तीच मंडळी रविवारी सुट्टी म्हणून घरच्या दोघा-तिघांना घेऊन येतात. ९०० कूपनं दोन्ही वेळा वाटलेलीच होती, त्यामुळे आचाऱ्याला दोन्ही वेळा ९०० हाच आकडा गेला.

आम्ही रात्रीचं कूपन त्याच दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी देतो, ताटं घेण्याच्या रांगेशेजारी टेबल लावून, आणि एक वाजता टेबल बंद करतो. ज्याला रात्री जेवायचंय तो हात पुढे करतो. कूपन फुकट असलं तरी ते मागावं लागलं की माणूस क्षणभर विचार करतो, आपण रात्री इथे आहोत का?

पंगतीचा माणूस:
मीराताई, माफ करा, पण घरी बोलावलेल्या माणसाला जेवायचं चिठोरं मागायला लावणं मला पटत नाही. सत्तरी ओलांडलेली माणसं असतात, त्यांना रांगेत उभं करायचं? आमच्याकडे अजूनही पंगत बसते. पंचवीस पानांच्या आठ ओळी म्हणजे दोनशे. वाढपी पानं मांडतो तेव्हाच मोजणी झालेली असते, कुणाला काही विचारावं लागत नाही. एक माणूस दोनदा बसत नाही आणि पानात टाकलेलं अन्न वाढप्याच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून तो दुसऱ्यांदा जपून वाढतो. बुफेत जे वाया जातं त्यातलं निम्मं लोकांनी पहिल्याच फेरीत ताट भरून घेतल्यामुळे जातं. त्यावर कूपन काय करणार?

मीरा, सुदामानगर:
काका, ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर कूपनाचा काडीचाही उपयोग नाही. पण ९०० माणसांच्या साडेचार पंगती होतात. एकीला पाऊण तास धरला तर शेवटची, अर्धी पंगत पावणेचार तासांनी उठते. आणि पंगत बसली की बसलेली माणसं कळतात, अजून यायची किती आहेत ते कळत नाही. आचाऱ्याला तेच हवं असतं. ज्येष्ठांसाठी तुम्ही म्हणता तशी एक ओळ मांडा, त्यांचं कूपन स्वयंसेवकाने जागेवर नेऊन द्यावं. आम्ही तसंच करतो.

कोडवाला, विजयनगर:
कागद कशाला? क्यूआर पाठवा ना सगळ्यांच्या मोबाइलवर. दारात स्कॅन केलं की एक कूपन दुसऱ्यांदा चालणार नाही, आणि मोजणी आपोआप होते. छपाईही वाचली.

मीरा, सुदामानगर:
भाऊ, दोन्ही दारांवरचे मोबाइल एकाच यादीला त्या क्षणी जोडलेले असतील तरच ते खरं. आम्ही एकदा करून पाहिलं. मैदानात गर्दी वाढली तसं नेटवर्क बसलं, मुलांनी ऑफलाइन स्कॅनिंग सुरू केलं आणि एकाच कोडचा फोटो दोन्ही दारांवर चालला. एका दारावर आजही करता येईल. पण ९०० माणसं एका दारातून, त्यात निम्म्यांना मोबाइलमधला तो संदेश सापडत नाही. रांग कुठवर जाईल, विचार करा.

बडोद्याची श्रद्धा:
आमच्याकडे गरब्याच्या मैदानात स्टॉलसाठी पन्नास आणि शंभरची कूपनं विकतात. उरलेल्या कूपनांचे पैसे परत द्यायचे की नाही यावरून दरवर्षी भांडण होतं. परतीची खिडकी त्याच रात्री उघडी ठेवा, नाहीतर लोक चिडतात.

लोकमान्यनगरचा खजिनदार:
श्रद्धाताई, आमचं जेवण नोंदणीतच धरलेलं आहे, वेगळे पैसे नाहीत. मीराताई, दुहेरी जेवणाचं सांगा. रविवारी कूपनं कमी जमली आणि ताटं जास्त गेली, हे आमच्याकडेही झालं.

मीरा, सुदामानगर:
आमचाच किस्सा सांगते. एका रविवारी जमलेली कूपनं ८४२ भरली. पत्रावळी १००० उघडल्या होत्या, ७० उरल्या, म्हणजे ९३० गेल्या. फरक ८८. सगळे म्हणाले, बाहेरचे लोक घुसले. मी संध्याकाळी बसून हिशोब लावला. ४० स्वयंसेवक, माइकवाले आणि ढोलवाले मिळून १२, यांना कूपन दिलंच नव्हतं. उरले ३६. त्यातले काही पत्रावळी पातळ म्हणून एकावर एक दोन घेणारे, ते मी स्वतः पाहिले होते. पण जमलेली कूपनं ज्या उघड्या टोपलीत पडत होती तिच्यातून मूठभर कूपनं परत बाहेर गेली होती, हेही नंतर कळलं. आमच्याच एका मुलाने मित्रांना दिली. म्हणजे ८४२ मध्येही काही कूपनं दोनदा मोजलेली होती!

तेव्हापासून नियम असा की कूपन हातात आलं की तिथेच मधोमध फाडायचं. आकडा असलेला अर्धा भाग आपल्याकडे, दुसरा माणसाला परत. आपला अर्धा भाग सुईदोऱ्यात ओवायचा, पन्नास झाले की गाठ मारायची. ओवलेलं कूपन कुणी काढू शकत नाही, आणि मोजायचं म्हणजे गाठी मोजायच्या. कूपन घेणारा माणूस मांडवाच्या दारात उभा करू नका. लोक दारातून गप्पा मारायला आत-बाहेर करतात. त्याला पत्रावळींच्या थप्पीशी बसवा, आणि पत्रावळ त्यानेच हातात द्यायची. काम करणाऱ्यांना वेगळ्या रंगाचं कूपन द्या, म्हणजे तेही मोजणीत येतात. आणि प्रत्येक वेळच्या जेवणाचा रंगही वेगळा हवा. उरलेली कोरी पुस्तकं जेवण सुरू होण्याआधी एका माणसाकडे परत घ्यायची, ती फिरत राहिली तर बाकी सगळं फुकट.

स्वच्छ इंदूरकर:
एवढा जीव कशाला काढायचा? उरलेलं ओल्या कचऱ्यात टाकलं की आपल्याकडे देवगुराडियाच्या प्लांटमध्ये त्याचा गॅस होतो. २०२२ पासून चालू आहे, सुरू झाला तेव्हाच रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता होती. इंदूरमध्ये अन्न वाया जात नाही.

मीरा, सुदामानगर:
प्लांटचा मलाही अभिमान आहे. पण तूप घालून केलेला मसालेभात गॅससाठी शिजवलेला नव्हता. त्याच्यासाठी सालं आणि देठं आहेतच. उरलेलं कुणाला पोचवायचं म्हटलं तर भात बाहेर दोन तासांवर राहिलेला नसावा, आणि रात्री साडेदहाला वाहन शोधेपर्यंत ते दोन तास कधीच उलटलेले असतात. म्हणून शिजवायच्या आधीच थांबायचं.

पंगतीचा माणूस:
थांबायचं कसं? आचारी तर चार वाजताच भट्ट्या पेटवतो.

मीरा, सुदामानगर:
काका, इथेच गाठींचा उपयोग. मागच्या वर्षीची शनिवारची रात्र सांगते. नोंदणी तुमच्यासारखीच ९०० होती. दुपारी एकपर्यंत ६१० कूपनं गेली. त्यात ४० कामवाले धरून आचाऱ्याला ६५० आकडा दिला. पुरी-भाजीबरोबर माणशी ८० ग्रॅम तांदूळ पुरतो, असा आमचा अंदाज आहे. म्हणजे ५२ किलो. पण त्याला ४०० माणसांचाच, ३२ किलोचा भात आधी लावायला सांगितला. बाकीचा तांदूळ तोलून, पोत्यात बांधून भट्टीजवळ ठेवला.

साडेसातला जेवणं सुरू झाली. सव्वाआठला सहा गाठी, म्हणजे ३००. एक मुलगा चिठ्ठी घेऊन भट्टीवर पळाला. दुसरा भात व्हायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून पहिला संपायची वाट बघायची नाही. लगेच २०० माणसांचा, १६ किलोचा भात चढला. सव्वानऊला दहा गाठी झाल्या होत्या आणि रांग विरळ होती. शेवटचे ४ किलो उघडलेच नाहीत. एकूण ५५३ कूपनं आली, ४० कामवाले, म्हणजे ५९३. भात झाला होता ६०० चा. पिशवीतल्या कूपनांवर गेलो असतो तर ७२ किलो तांदूळ शिजला असता.

पुऱ्यांचंही तेच. कणीक तीनदा मळायची, घाणे गाठींच्या चालीने काढायचे. श्रीखंडाला मात्र हे लागू होत नाही. चक्का आदल्या दिवशीच आणावा लागतो. ते लहान डब्यांत भरून बर्फात ठेवा, लागेल तसा डबा उघडा. झाकण न काढलेला आणि थंड राहिलेला डबा दुसऱ्या दिवशी चालतो.

कोडवाला, विजयनगर:
आणि आचारी ऐकतो का? त्याचा ठेका तर ताटावर असतो. जास्त ताटं, जास्त पैसे.

मीरा, सुदामानगर:
खरी अडचण ती आहे. एका वर्षी आचाऱ्याने चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि सगळा भात एकदम लावला. तेव्हापासून किराणा आमचा, त्याला फक्त मजुरी. पण तसा किराणा आणायला समितीत दोन खंबीर माणसं लागतात, आणि दरवर्षी ती मिळतात असं नाही.

लोकमान्यनगरचा खजिनदार:
आमचा ठेका ताटावरच झालाय, आगाऊ रक्कमही दिली आहे. निदान गाठी मोजून बिलाची ताटं ताडून पाहता येतील. काकांची ज्येष्ठांची पंगत मी मांडणारच. एक राहिलं. एक वाजता टेबल बंद झाल्यावर कुणी कूपन मागायला आला तर?

मीरा, सुदामानगर:
द्यायचं, नाही म्हणायचं नाही. फक्त ते वेगळ्या पुस्तकातलं हवं, आणि आकडा तासातासाला भट्टीवर गेला पाहिजे. आमच्याकडे त्या रात्री अशी २२ गेली होती, ६१० मध्ये धरलेली नव्हती. ५५३ मध्ये मात्र ती आहेत.

पंगतीचा माणूस:
म्हणजे दुपारी मागून घेतलेल्यांपैकीही ७९ जण आलेच नाहीत. मागायला लावूनही! माझं मत बदललेलं नाही, मीराताई.