घरात वायफाय आहे, तरी चारही मोबाइलना रोजचा डेटा हवाच का?

वेलदोडा
मी मिरजेत असते. घरात चार मोबाइल, चारही प्रीपेड. माझा, ह्यांचा आणि मुलाचा पॅक 349 चा (रोज 2 जीबी), सासूबाईंचा 299 चा (रोज दीड). सगळे 28 दिवसांचे. शिवाय ब्रॉडबँड 499 चं, पण बिल येतं 589. बेरीज 1,935 होते. तरी वर्षाचा हिशोब काढला की 24 हजारांच्या वर जातो, तो कसा? ब्रॉडबँड काढून टाकू की मोबाइलचे पॅक छोटे करू? मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंच्या मालिका अडता कामा नयेत.

गतिमान
ब्रॉडबँड काढा, विषय संपला. रोज 2 जीबीच्या पॅकवर 5जी अमर्याद मिळतं. मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडा. मी दीड वर्ष असाच राहतोय, एक रुपया ब्रॉडबँडला दिलेला नाही. केबलवाल्याला पोसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

ओसरी
गतिमान, तुम्ही एकटे राहता ना? मुलगा सकाळी आठला कॉलेजला गेला की हॉटस्पॉटही त्याच्याबरोबर गेला. दुपारी दोनची मालिका आजींनी कशावर बघायची?

गतिमान
एक साधा 5जी फोन घ्या नि टीव्हीशेजारी ठेवून द्या. दहा हजारांत येतो.

ओसरी
दहा हजार म्हणजे 589 ची सतरा बिलं. वर त्या फोनला वेगळं सिम आणि दर 28 दिवसांनी आणखी 349. वाचलं काय मग?

नाक्यावरचा
मी बारा वर्षं रिचार्जचं दुकान चालवलं, म्हणून लिहितो. ताई, वर्षाचं कोडं आधी सोडवू. 28 दिवसांचा पॅक वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. तुमची चार सिमं मिळून 1,346 होतात, ती एक फेरी तुम्ही हिशोबात धरलीच नाही. ट्रायने 2022 मध्ये कंपन्यांना निदान एक पॅक पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवायला लावलाय, पण दुकानात समोर येतो तो 28 चाच. आणि 499 चे 589 होतात ते 18 टक्के जीएसटीमुळे. मोबाइलच्या प्रीपेड किमतीत कर धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत तो सहसा धरलेला नसतो.

म्हणून मी गिऱ्हाइकाला नेहमी रोजचे रुपये काढून दाखवायचो. किंमत भागिले दिवस, बास.

पण आधी एक काम करा. चारही फोनमध्ये सेटिंगमधलं डेटा युसेज उघडा. तिथे मोबाइल डेटा आणि वायफाय वेगवेगळे दिसतात. मोजणी बहुतेक फोनांत महिन्याच्या 1 तारखेपासून असते, ती तुमच्या रिचार्जच्या तारखेला लावा, नाहीतर आकडा चुकेल. फक्त सिमवरून किती गेला तेवढंच इथे लिहा.

परदेशी_पाखरू
आमच्या साताऱ्याच्या घरी आईबाबांचे फोन आहेत. मी दुबईत. माझं भारतातलं सिम नुसतं बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवायचंय. खात्यात 20 रुपये शिल्लक असले की सिम बंद होत नाही असं ऐकलंय. मग पॅक मारायचाच कशाला? तुम्हीही सासूबाईंचं तसंच करा की.

नाक्यावरचा
पाखरू, अर्धं बरोबर. 90 दिवस वापर झाला नाही आणि खात्यात 20 रुपये असले, तर ते कापून मुदत 30 दिवस वाढते, नंबर दुसऱ्याला जात नाही. पण नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर फोन येणं वेगळं. पॅक संपला की आधी जाणारे कॉल थांबतात, काही दिवसांनी येणारेही थांबतात. ओटीपीच्या भरवशावर तसं बसू नका. आणि ताईंच्या सासूबाईंना रोज चार फोन येत असणार, त्यांची गोष्ट निराळी.

वेलदोडा
बघितलं. 28 दिवसांत सिमवरून गेलेला डेटा असा: सासूबाई 0.4 जीबी. ह्यांचा 19, रोज कोल्हापूरला ट्रेनने जाऊन-येऊन. मुलाचा 61. माझा 6, आणि हेच कळत नाही. मी घरूनच शिवणाचं काम करते, दिवसभर वायफायवर असते. सिमचा डेटा जातो कुठे?

नाक्यावरचा
त्याच पानावर खाली ॲपवार यादी असते. पहिली तीन नावं कोणती?

वेलदोडा
फोटोचं ॲप 2.6, यूट्यूब 1.9, व्हॉट्सॲप 0.8.

नाक्यावरचा
फोटोच्या ॲपमध्ये बॅकअपला मोबाइल डेटा वापरायची मुभा दिलेली असणार, ती बंद करा. यूट्यूबचं कारण वेगळं वाटतं. राउटर हॉलमध्ये आणि मशीन आतल्या खोलीत, असं आहे का? वायफाय क्षीण झालं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो. वायफायच्या सेटिंगमध्ये 'आपोआप मोबाइल डेटावर जा' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करून पाहा. आतल्या खोलीत व्हिडिओ अडकू लागला तर समजा दुखणं तिथेच आहे. मग राउटर दाराजवळ सरकवा.

वेलदोडा
अहो, अगदी तेच! बटण बंद केलं आणि मशीनवर बसल्या बसल्या व्हिडिओ गोल फिरायला लागला. राउटर टीव्हीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात होता. ह्यांनी वायर ओढून दारावर टांगला. आठवडा झाला, माझा सिमचा डेटा 0.3 जीबी.

नाक्यावरचा
म्हणजे 28 दिवसांना सव्वा जीबीच्या आसपास. मग रोजच्या डेटाचा पॅक तुम्हाला नकोच. 189 चा 28 दिवसांचा पॅक होता, सगळ्या मुदतीत मिळून 2 जीबी. तुमच्या ॲपमध्ये आजची किंमत पाहून घ्या, मी आकडे माझ्या वहीतले देतोय.

तुम्ही: 349 भागिले 28, दिवसाला साडेबारा रुपये. ते 189 वर पावणेसात होतात.
साहेब: 19 जीबी म्हणजे सरासरी रोज पाऊण, पण रविवारी शून्य आणि कामाच्या दिवशी पाऊण-एक, म्हणून दीड जीबी रोजचा हवाच. तोच 84 दिवसांचा 799 ला, दिवसाला साडेनऊ.
मुलगा: त्याला हात लावू नका. फक्त 84 दिवसांचा 859 चा घ्या. दिवसाला साडेबाराऐवजी सव्वादहा, रोजचे 2 जीबी आणि 5जी तसंच.
सासूबाई: नुसता कॉल आणि एसएमएसचा पॅक. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये तो सक्तीचा केला, जानेवारी 2025 मध्ये बाजारात आला. इथे एक फसगत होते. एकाचा 1,748 चा, दुसऱ्याचा 1,849 चा. पहिला स्वस्त दिसतो, पण मुदत 336 दिवस, दुसऱ्याची 365. दिवसाला भागलं तर पहिला 5.20 आणि दुसरा 5.07. अर्थात 13 पैशांसाठी नंबर पोर्ट करायच्या भानगडीत पडू नका, आहे त्या कंपनीचा घ्या.

चौघांचे मिळून आज दिवसाला 48 रुपये जातात, ते 32 च्या आत येतील. महिन्याला पाचशेच्या जरा खाली वाचतात.

गतिमान
आणि ब्रॉडबँड काढलं तर दिवसाला साडेएकोणीस वाचतात. गणित माझ्याच बाजूने आहे, काका.

नाक्यावरचा
कागदावर आहे, कबूल. पण मग ताईंचा 189 आणि सासूबाईंचा नुसत्या कॉलचा पॅक दोन्ही गेले, कारण ते घरातल्या वायफायच्या जिवावर उभे आहेत. शिवाय एचडीत टीव्ही तासाला 2-3 जीबी खातो. मुलगा घरात नसताना साध्या पॅकचे 2 जीबी एका मालिकेत संपतात. पुढे वेग 64 केबीपीएसवर येतो, त्यात चित्र काय, आवाजही नीट येत नाही.

एकट्या माणसाने, घरात टीव्ही नसताना, फोन 5जी आणि खोलीत सिग्नल भक्कम असताना तुमच्यासारखं राहावं. माझं म्हणणं फक्त या घरापुरतं.

ओसरी
काका, सासूबाईंच्या पॅकला मात्र माझा विरोध. माझ्या आईचा असाच केला होता. देवळातून येताना चक्कर आली, तिने व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. साधा कॉल लावायचं तिला सुचलंच नाही, कारण घरात सगळे व्हॉट्सॲपवरच बोलतात. आणि वीज गेली की वायफाय गेलं, मग घरातही तेच. रोजचे साडेपाच रुपये वाचवण्यासाठी एवढी जोखीम?

परदेशी_पाखरू
हे माझ्या आईच्या बाबतीतही झालंय. मी दुबईहून इंटरनेटवरून फोन करत राहतो, तिकडे वीज नसते.

नाक्यावरचा
विजेचं उत्तर आहे. राउटरला बहुधा 12 व्होल्ट लागतात, त्याचा छोटा बॅकअप हजार-दीड हजारात मिळतो, दोन-तीन तास निघतात. पण केबलवाल्याच्या पेटीची वीज गेली तर तुमचा राउटर नुसताच दिवे लावून बसतो, तो उपाय आपल्या हातात नाही.

ओसरीताईंचा पहिला मुद्दा मी खोडू शकत नाही. तो पॅकचा नाही, सवयीचा आहे. सासूबाईंनाही 189 चा दिला तर दिवसाला दीड रुपया वाढेल, डेटा जवळ राहील. मी असतो तर हाच दिला असता, खरं सांगतो.

वेलदोडा
ह्यांना 84 दिवसांचा नको आहे. म्हणतात, ट्रेनमध्ये जयसिंगपूरच्या पुढे रेंज जाते, कंपनी बदलायची झाली तर अडकू. पोर्ट केलं की उरलेला पॅक बुडतो ना?

नाक्यावरचा
बुडतो. म्हणून ज्याचा सिग्नल चांगला त्याचा लांबचा, ज्याचा संशय त्याचा 28 चा. साहेबांनी महिनाभर 299 वर राहावं, रोज दीडच मिळतो. त्या काळात कोल्हापूरच्या डब्यातल्या चार लोकांना त्यांची कंपनी विचारा, ते जाहिरातीपेक्षा खरं बोलतात. एक इशारा: पॅक कमी पडला तर छोटे टॉपअप मारायचा मोह होतो, त्यातल्या बऱ्याच जणांची मुदत दिवस-दोन दिवसच असते. महिन्यात दोन-तीन मारावे लागले तर पॅक चुकला असं समजा.

गतिमान
आणि ब्रॉडबँडचा 499 तसाच ठेवणार? निदान 399 चा 30 एमबीपीएसचा घ्या. करासह 471. एक टीव्ही नि दोन फोन आरामात चालतात.

वेलदोडा
हे मात्र पटलं. पण मुलगा म्हणतो, गेमचं अपडेट रात्रभर उतरेल. त्याला म्हटलं, उतरू दे, सकाळी मिळेल. केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, सहा महिन्यांचे आगाऊ भरले तर महिना फुकट. भरू का?

ओसरी
राउटर कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारा. आमच्याकडे मध्येच बंद केलं तेव्हा राउटरचे पैसे मागितले होते.

वेलदोडा
विचारते. तोवर माझा 189 चा मारला. सासूबाईंचंही नंतर 189 च ठरलं. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, 'माझा इंटरनेट कमी करू नका हं, मला रात्री अभंग ऐकायचे असतात.' वायफायवर ऐकता येतात, हे दोन दिवस समजावतेय.