वॉचमनने ते फुटेज लपवावं का? एका कथेच्या शेवटाबद्दल

मुग्धा: लघुकथा लिहिली आहे, थोडक्यात सांगते. पुण्यातली एक सोसायटी. गाड्यांमधलं पेट्रोल चोरीला जातंय, म्हणून सेक्रेटरी रात्रपाळीच्या महादूला मागच्या आठ रात्रींचं फुटेज बघायला बसवतात. चोर दिसत नाही. दिसतं ते असं, की पहाटे तीनच्या सुमाराला महादू खुर्चीत झोपलाय आणि बी विंगमधल्या आजी, मोरपंखी शाल पांघरून, खाली येतात. त्याचा टॉर्च उचलून पार्किंगमधून चक्कर मारतात, दुधाच्या टेम्पोला गेट उघडतात, टॉर्च जागेवर ठेवून वर जातात. रोज. महादू तेवढे तुकडे डिलीट करतो आणि ‘काही सापडलं नाही’ सांगतो. पटतो का शेवट?

संजय: मी कॅमेरे बसवतो. डिलीट करतो, इथे मी अडलो. सोसायट्यांमधल्या बहुतेक डीव्हीआरमध्ये मधलाच एखादा तुकडा पुसता येत नाही. पुसायचं तर अख्खी हार्ड डिस्क फॉरमॅट करायची, त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि लॉगमध्ये नोंद राहते. म्हणजे आठही रात्री गायब, आणि चोर महादूच ठरणार. त्यापेक्षा त्याला थांबू दे. आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल तर साधारण दहा-बारा दिवसांनी जुन्यावर नवं आपोआप चढतं. जुनी रात्र गळते, पण आजी आज रात्री पुन्हा येणारच आहेत. गोष्टीतला खरा ताण तिथे आहे.

आणि मोरपंखी शाल काढ. अंधारात इन्फ्रारेडवर चित्र काळंपांढरं येतं, काळा स्वेटरही कधीकधी पांढुरका दिसतो. आजी ओळखू याव्यात त्या चालीवरून: कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणं.

अनिरुद्ध: मला शेवट अजिबात पटला नाही. राखणदार झोपलेला असतो हीच तपासातली मुख्य गोष्ट, आणि तीच तो दडवतो. आजी पहाटे एकट्या गेट उघडतात, टेम्पोऐवजी दुसरंच कोणी असलं तर? शिवाय वॉचमनला फुटेज बघायला देणं बेकायदा आहे.

संजय: बेकायदा नाही हो. कोणी बघायचं ते कमिटी ठरवते, फक्त प्लेबॅक दिसेल असा वेगळा युजर करून देता येतो. पण ज्याच्या पाळीत चोरी झाली त्यालाच तपासायला बसवू नये, हे तुमचं बरोबर.

शोभा: माझे वडील वॉचमन होते. बारा तासांची रात्र, मग सकाळी त्याच सोसायटीत गाड्या धुणं, तेव्हा कुठे घर चालायचं. तीन वाजता डोळा लागायचाच. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, पण आमच्या घरी त्यातलं काही पोचलं नाही. मुग्धा, आजींची माया मला भिडली, पण महादू का झोपतो यावर तुझ्या कथेत एक ओळही नाही. ती नसेल तर वाचणारा त्याला कामचुकारच समजेल, अनिरुद्ध समजले तसा.

प्रकाश: आमच्याकडची सायकल पंधरा दिवसांपूर्वी गेली. डिलीट झालेलं फुटेज परत येतं का?

संजय: काका, इथे कथेची चर्चा चाललीय, तरी सांगतो. डीव्हीआरच्या प्लेबॅकमध्ये कॅलेंडर उघडा. त्या तारखेवर खूण असेल तर फुटेज आहे, आजच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. खूण नसेल तर त्यावर नवं चढलंय, परत मिळणं जवळपास अशक्य. मशीनचं घड्याळही मोबाइलशी ताडून बघा, पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे असतं आणि लोक चुकीची वेळ शोधत बसतात.

मुग्धा: डिलीट काढते, थांबणं ठेवते. गाड्या धुणंही आणते. पण त्याने दाखवावं हे मला अजून मान्य नाही. आजींनी जे कुणाला न सांगता केलं ते तो कमिटीपुढे का मांडेल?

अनिरुद्ध: कारण सेक्रेटरी स्वतः बघतील तेव्हा त्यांना काय दिसेल? पहाटे तीन वाजता स्कूटरच्या रांगेत टॉर्च घेऊन फिरणारी एक आकृती. आवाज नाही, रंग नाही. पेट्रोल जाण्याच्या त्याच रात्री. पहिला संशय आजींवरच जाईल.

शोभा: आणि त्या का फिरत होत्या हे सांगायचं तर महादूला आधी ‘मी झोपलो होतो’ म्हणावं लागेल. एजन्सी दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस पाठवते, हे आम्ही घरात पाहिलंय.

अनिरुद्ध: तरी सांगावंच त्याने.

शोभा: कमिटीला नव्हे, आधी आजींना. काय करायचं ते दोघं मिळून ठरवतील.